चार्जरवर ठेवूनही बँड मेलेलाच: दोष पिनांत, वायरीत की बॅटरीत?

बाबांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, तो परत गेला बघ." तो म्हणजे त्यांचा फिटनेस बँड. रत्नागिरीच्या घरी वर्षभरात तिसऱ्यांदा हे झालं होतं. रात्री चार्जरला लावला, सकाळी पाहिलं तर स्क्रीन काळी. ना टक्केवारी, ना बॅटरीचं चित्र, बटण दाबलं तरी काही नाही. पहिल्या दोन वेळी थोडं पुसून, थोडं हलवून, दुसऱ्या बोर्डाला लावून तो कसाबसा जागा झाला, आणि नेमकं काय केल्याने झाला ते कुणालाच कळलं नाही. म्हणूनच तो परत जात राहिला. तिसऱ्यांदा मी गणपतीला गेले तेव्हा पर्समध्ये यूएसबी मीटर आणि मल्टिमीटर टाकूनच गेले.

या तक्रारीत घोळ होतो तो एवढ्याचमुळे की काळ्या स्क्रीनवरून काहीच समजत नाही. पिनांवर घाण असली, वायर आतून तुटली, अडॅप्टर वीज देत नसला किंवा बॅटरी इतकी खाली गेली की तिच्यातल्या संरक्षक सर्किटने तिला तोडून टाकलं, तरी बाहेरून दिसतं ते एकच. त्यामुळे स्क्रीनकडे बघायचंच नाही. करंट कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो तेवढं शोधायचं.

त्याआधी दोन गोष्टी अर्ध्या मिनिटात उरकून घ्या. बँड नक्की मेलाय की फक्त त्याची स्क्रीन गेलीय? फोनच्या ब्लूटूथमध्ये तो दिसत असेल, किंवा कॉल आला की थरथरत असेल, तर चार्जिंगच्या मागे लागू नका, दोष स्क्रीनचा किंवा अडकलेल्या सॉफ्टवेअरचा आहे. चार्जरवर ठेवूनच बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, अडकलेला असेल तर सुरू होईल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बँड डोळ्यांसमोर आडवा धरून काच आणि खोका यांमधली फट बघा. एका बाजूने काच किंचित उचललेली असेल, किंवा मागचं झाकण फुगीर वाटत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तो बँड चार्जरला लावायचा नाही, दाबून बसवायचा तर मुळीच नाही. इथून पुढचं सगळं अशा बँडसाठी नाही.

बाबांच्या बँडची काच जागेवर होती. मग पिनांकडे वळले.

पाठीला दोन सोनेरी ठिपके आणि चार्जरवर स्प्रिंगच्या दोन बारीक पिना, अशा रचनेचा हा बँड होता. सध्याच्या बऱ्याचशा बँडना आणि स्वस्त घड्याळांना हीच असते. ज्या घड्याळांना ठिपकेच नसतात, गुळगुळीत चकतीवर ठेवायची असतात, त्यांना या भागाचा उपयोग नाही. त्यांनी अडॅप्टरपासून पुढे वाचावं. बाबांच्या चार्जरची एक पिन सोनेरी चमकत होती. दुसरी काळपट पडली होती आणि तिच्या बुडाशी हिरवट कड आली होती. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कसं कळकतं, अगदी तोच रंग. मी मल्टिमीटर लावून बघितला: कळकलेली पिन धन होती. हे असंच व्हायचं. दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट असतात. मधे घामाचा किंवा पाण्याचा थेंब आला की त्या थेंबातून करंट वाहतो, आणि धन बाजूचा धातू विरघळत जातो. वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो कुठे छिद्रला की खालचं तांबं-निकेल खाल्लं जातं. साधा गंज दोन्ही पिनांवर सारखा चढला असता. एकच पिन खराब असेल तर ओलं असताना चार्ज केलंय, हे जवळपास नक्की समजा.

"बाबा, तुम्ही हा चार्जरला कधी लावता?"

"सकाळी फिरून आलो की. घाम असतो ना, म्हणून आधी नळाखाली स्वच्छ धुतो. वॉटरप्रूफ आहे तो."

आहे, पण पाणी आत जात नाही एवढाच त्याचा अर्थ. ते दोन ठिपके बाहेरच आहेत. शिवाय चार्जर खिडकीजवळच्या बोर्डाला कायम लावलेला आणि बटण कायम चालू. म्हणजे बँड नसतानाही पिनांवर ५ व्होल्ट जिवंत, आणि कोकणातला पावसाळा. पिनांवर नुसती खारट ओल बसली तरी काम सुरूच.

साफ करताना चार्जर बोर्डातून काढून ठेवा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते वापरा. मऊ टूथब्रशवर दोन थेंब घ्या आणि ठिपके व पिना हलक्या हाताने घासा, मग कोरड्या कापसाने टिपा. हातांचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे उरतो. पॉलिश पेपर, चाकूचं टोक, भांड्यांची तारेची घासणी यांना हात लावू नका. त्या क्षणी पिन चकचकीत दिसते, पण उरलासुरला मुलामा जातो आणि पुढचा कळक महिनाभरात येतो. बाबांनी मागच्या वेळी ब्लेडनेच खरवडलं होतं, हे आईने हळूच सांगितलं.

पुसून झालं की लाकडी टूथपिकने प्रत्येक पिन दाबून बघा. दोन्ही सारख्याच खाली जाऊन सारख्याच वर यायला हव्यात. घामाची पूड आणि त्वचेचा मळ स्प्रिंगच्या नळीत जाऊन बसला की पिन अर्ध्यावर अडकते. लोहचुंबकामुळे बँड चार्जरला चिकटलेला दिसतो, पण ती बुटकी पिन ठिपक्याला टेकतच नाही. बाबांची कळकलेली पिन केसभर खालीच राहत होती. अल्कोहोलचा एक थेंब बाजूने सोडला आणि वीस-पंचवीस वेळा दाबली-सोडली, तेव्हा ती मोकळी झाली.

आता वायर. इथे बहुतेक लोक फसतात, आणि मल्टिमीटर असलेले जास्त फसतात. चार्जरच्या पिनांना मल्टिमीटर लावला, ५.१ व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली असा निकाल देऊ नका. मल्टिमीटर स्वतः जवळपास करंट ओढतच नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एखादाच केस शिल्लक असला तरी तो ५.१ दाखवणार. बँड बसवला, खरा करंट मागितला, की तो केस ते देऊ शकत नाही आणि व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटरवर शून्य दिसलं तर वायर किंवा अडॅप्टर गेला हे नक्की. पाच दिसले तर मात्र अजून काहीच ठरलेलं नाही.

म्हणून यूएसबी मीटर. अडॅप्टर आणि वायर यांच्यामध्ये लावायची ही छोटी डबी व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही दाखवते. घ्यायचीच असेल तर दशांशानंतर तीन आकडे दाखवणारी घ्या. दोनच आकड्यांची स्वस्त डबी मोबाइलला पुरते, पण बँडचा करंट इतका थोडा असतो की ती नुसतं ०.०० दाखवत बसेल, आणि आपल्याला नेमका तो थोडाच करंट बघायचा आहे. मीटर चालू असताना बँड चार्जरवर ठेवा आणि वायर प्लगपासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीत धरून इंच-इंच वाकवत जा. आकडा स्थिर राहिला तर वायर ठीक. एखाद्या जागी उडाला तर तीच जागा तुटलेली. ती बहुतेक वेळा दोन्ही टोकांच्या रबरी बुडाशीच असते, कारण वायर तिथेच दुमडते. वायर ठीक असूनही बँडवर बोटाने दाब दिला की आकडा उडत असेल, तर पुन्हा पिनांकडे.

अडॅप्टरबद्दल फार लिहीत नाही. मोबाइलचा जुना ५ व्होल्ट १ ॲम्पिअरचा अडॅप्टर सगळ्यात उत्तम. मोठ्या फास्ट चार्जरने बँड जळतो असं नाही. बँड मागतो तेवढाच करंट घेतो, आणि मागितल्याशिवाय चार्जर ५ व्होल्टच्या वर जात नाही. मात्र पॉवर बँकेचा घोटाळा खरा आहे. बाबांचा बँड दुसऱ्यांदा गेला तो वादळात दोन दिवस लाइट नव्हती तेव्हा, पॉवर बँकेवर लावलेला असताना. अनेक पॉवर बँका साधारण ५० ते १०० मिलिॲम्पिअरपेक्षा कमी करंट जात असला की काहीच जोडलेलं नाही असं धरून थोड्या वेळाने स्वतःच बंद होतात. बँड तर तेवढाच करंट घेतो, आणि बॅटरी पार उतरलेली असेल तर त्याहूनही कितीतरी कमी. काही पॉवर बँकांवर बटण लागोपाठ दोनदा दाबलं की कमी करंटचा प्रकार सुरू होतो. तो नसेल तर मेलेला बँड भिंतीतल्या अडॅप्टरवरच लावा.

पिना पुसल्या, वायर तपासली, अडॅप्टर बदलला. बाबांचा बँड तरीही काळाच. फक्त मीटरवर आता ०.००० च्या जागी ०.००७ आलं. बाबा म्हणाले, "म्हणजे नाहीच." मी म्हटलं, म्हणजे आहे.

या सात मिलिॲम्पिअरचा अर्थ कळण्यासाठी बॅटरीच्या आत काय असतं ते थोडं बघावं लागेल. बँडमधली लिथियम बॅटरी भरलेली असताना साधारण ४.२ ते ४.४ व्होल्टवर असते. ती साडेतीनच्या आसपास आली की बँड शून्य टक्के दाखवून बंद होतो. पण बंद झाला म्हणजे वापर थांबला असं नाही. सर्किट थेंब-थेंब वीज पीतच राहतं आणि बॅटरी स्वतःही हळूहळू उतरते. असा बँड काही आठवडे कपाटात पडला की व्होल्टेज अडीच ते तीनच्या दरम्यान येतं, आणि तिथे बॅटरीला चिकटवलेली नखाएवढी संरक्षक पट्टी तिला बाकी सर्किटपासून तोडते. याहून खाली गेली तर बॅटरी कायमची बिघडेल, म्हणून ही सोय. चार्जरचं व्होल्टेज आलं की पट्टी पुन्हा जोडली जाते.

पण जोडली गेली म्हणून चार्जिंग लगेच पूर्ण जोरात सुरू होत नाही. इतक्या उतरलेल्या बॅटरीत एकदम करंट ढकलणं धोक्याचं असल्यामुळे बँडमधली चार्जिंगची चिप आधी नेहमीच्या साधारण दहाव्या भागाएवढाच करंट सोडते, आणि व्होल्टेज तीनच्या आसपास पोचलं की मग पूर्ण. बाबांच्या बँडचा नेहमीचा करंट ७० मिलिॲम्पिअर आहे, म्हणून सुरुवातीला ७. उपाशी माणसाला आधी पेज देतात, तसंच हे. या काळात स्क्रीन लावण्याएवढीही ताकद बॅटरीत नसते, आणि म्हणूनच चांगला चालू असलेला बँडही पार मेलेला दिसतो. लोक दहा मिनिटं बघतात, बटण चार वेळा दाबतात, काढून ठेवतात. अर्धी पेज पोटात गेलेली असते तेवढ्यात ताट उचललं.

अजून एक बारीक गोष्ट आहे. बऱ्याच चार्जिंग चिपांमध्ये या पहिल्या टप्प्याला वेळेची मर्यादा असते, अनेकदा अर्ध्या तासाच्या आसपास. तेवढ्यात बॅटरी वर आली नाही तर चिप ती सदोष ठरवून चार्जिंग थांबवते, आणि चार्जर काढून परत लावेपर्यंत सुरू करत नाही. रात्रभर ठेवला तरी सकाळी काळाच, याचं एक कारण हे. बिचारा पहिला अर्धा तासच चार्ज झालेला असतो.

आमच्याकडे अगदी असंच झालं. दुपारी सव्वातीनला लावला. पावणेचारपर्यंत मीटर ०.००७ वर स्थिर. मग अचानक ०.०००. बँड उचलला, दहा सेकंद थांबले, परत ठेवला: पुन्हा ०.००७. चार वाजून पाच मिनिटांनी आकडा एकदम ०.०७१ झाला. स्क्रीन तेव्हाही काळीच होती, पण मी चहा टाकायला उठले, कारण आता काळजीचं काही नव्हतं. चहा गाळेपर्यंत बॅटरीचं चित्र आलं. हिशेब केला तर पहिल्या पन्नास मिनिटांत सहा मिलिॲम्पिअर-तासही आत गेले नव्हते. पूर्ण बॅटरी १८० ची. पण अडला होता तो तेवढ्यावरच.

घरात मीटर नसेल तर हेच आंधळेपणाने करता येतं. पिना साफ करा, भिंतीतल्या अडॅप्टरवर लावा, दर अर्ध्या तासाने उचलून दहा सेकंदांनी परत ठेवा, आणि मधे बटण दाबू नका. बटण दाबलं की बँड सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि जमवलेलं त्यातच जातं. हे तीन-चार तास करा, आणि तुम्ही जागे असताना, डोळ्यांसमोर. पार उतरलेली बॅटरी रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये. मधूनमधून बोट लावून बघा. किंचित कोमट चालेल, गरम लागला तर काढा. जागाही थंड हवी. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज व्हायची असते आणि चिप तापमान मोजत असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत चार्जरला लावलेला बँड चार्ज होत नाही तो याचमुळे. तो बिघडलेला नसतो, सावलीत आणला की सुरू होतो.

चार तासांनीही काही नाही, किंवा मीटरवर ०.००० च येत राहिलं आणि तीच वायर तसल्याच दुसऱ्या बँडला चालतेय, तर बॅटरी किंवा आतलं सर्किट गेलं. महिनोन्महिने शून्यावर पडून बॅटरी दोन व्होल्टच्याही खूप खाली गेली असेल तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. बँड उघडून थेट बॅटरीला बाहेरून ५ व्होल्ट देण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते म्हणूनच करू नयेत. संरक्षक पट्टीने जे अडवलं ते आपण हाताने करत असतो. वॉरंटी असेल तर कंपनीकडे, नसेल तर ई-कचऱ्यात. बँडमध्ये बॅटरी बदलून घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. काच चिकटवलेली असते, काढताना बऱ्याचदा तडकते, आणि टिकली तरी पूर्वीसारखी पाणी अडवत नाही. महाग घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्यापुरता तो बँड तीनदा का गेला हेही त्या दुपारी उलगडलं. अर्धवट टेकणाऱ्या पिनेमुळे चार्जिंग मधेच तुटत होतं. बाबा पाऊण तासाने काढून हातावर चढवायचे, टक्के बघायची सवय नाही. मग दोन-तीन दिवसांत बंद. बंद पडला की चिडून टीव्हीखालच्या खणात. तिथे आठ-दहा दिवस आणि एकदा तर मी येईपर्यंत दोन महिने. तेवढ्यात बॅटरी तुटण्याच्या रेषेखाली. म्हणजे बॅटरी खणात मेली, पण तिला तिथे पोचवलं नळाने.

नवी चार्जिंग वायर मागवली, कारण त्या पिनेवर आता मुलामा उरलेला नाही आणि ती परत कळकणारच. बँडच्या पाठीवरचे ठिपके सुदैवाने शाबूत होते. आता बँड धुतल्यावर पंच्याने पुसायचा, आंघोळ-नाश्ता होईपर्यंत उताणा ठेवायचा आणि मग चार्जरला. काम झालं की बोर्डाचं बटण बंद. वापरायचा नसेल तर खणात टाकण्याआधी निम्मा चार्ज करायचा आणि दोन महिन्यांनी एकदा बघायचा. आईने खणाच्या आत कागद चिकटवलाय: "बँड ठेवू नये."

बॅटरीने मार खाल्लाच आहे. पूर्वी नऊ दिवस चालायचा, आता सहाव्या दिवशी चार्जर मागतो.